शेळीची गाठ गोठ्यात फुटू देऊ नका

आज शेळ्या-मेंढ्यांच्या गाठींबद्दल बोलू.

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईंच्या संगमनेरी शेळीला कानाखाली लिंबाएवढी गाठ आली. शेळी खात होती, दूध देत होती, म्हणून आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. एक दिवस गव्हाणीला घासून गाठ फुटली. पू चाऱ्याला लागला, जमिनीवर सांडला. ताईंनी जखमेत हळद भरली, जखम भरूनही आली. पण तीन महिन्यांनी आणखी दोन शेळ्यांना तशाच गाठी आल्या. तेव्हा आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर याला केसियस लिम्फॅडेनायटिस म्हणतात. यातला पू चक्क्यासारखा घट्ट आणि पांढरट-हिरवट असतो. रोग पसरतो तो या पुातूनच. त्यातले जंतू मातीत महिनोन्‌महिने जगतात आणि काट्याच्या ओरखड्यातून किंवा लोकर कातरतानाच्या जखमेतून दुसऱ्या जनावरात शिरतात. त्याची गाठ दिसायला दोन ते सहा महिने लागतात, म्हणून पहिल्या गाठीशी संबंध आपल्या लक्षात येत नाही.

या गाठी कानाखाली, जबड्याखाली, खांद्यापुढे, मांडीपुढे किंवा कासेच्या वर येतात. हाताला घट्ट लागतात. जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज असेल तर ती बहुधा जंतांमुळे किंवा यकृतातल्या कृमींमुळे असते. तिला कधीच चिरू नका.

गाठ दिसली की त्याच दिवशी शेळी वेगळी बांधा. गाठीची भिंत जाड असते, त्यामुळे इंजेक्शनचं औषध आत नीट पोचत नाही. गाठीवरचे केस गळून कातडी पातळ झाली की ती पिकली समजा आणि १९६२ वर फोन करून डॉक्टरांना बोलवा. कानाखाली, गळ्याजवळ मोठ्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून घरी ब्लेड लावू नका.

आमच्याकडे डॉक्टरांनी गोठ्यापासून लांब, प्लॅस्टिकच्या कागदावर शेळी धरायला लावली. पू खाली निथळावा म्हणून गाठीच्या खालच्या बाजूला चीर दिली, सगळा पू काढला आणि पाण्यात मिसळलेल्या पोव्हिडोन आयोडीनने आतून धुतलं. आम्ही हातमोजे घातले होते, कारण हा आजार माणसालाही होऊ शकतो. पुाची फडकी, कापूस आणि कागद जाळून टाकला. उकिरड्यावर काहीच टाकलं नाही.

पुढे जखम रोज धुतली आणि माश्या बसू नयेत म्हणून वर औषध मारलं. जखम पूर्ण बंद होईपर्यंत, जवळजवळ महिनाभर, दोन्ही शेळ्या वेगळ्या ठेवल्या. चारा-पाणी आधी निरोगी शेळ्यांना, शेवटी त्यांना. गव्हाणीचे खिळेही काढून टाकले.

वर्षभराने त्यातल्या एकीला त्याच जागी पुन्हा गाठ आली, कारण जंतू अंगातून पुरते जात नाहीत. काही जनावरांच्या फुप्फुसातही गाठी होतात, मग ती खाऊनही वाळत जातात. वारंवार गाठ येणारी शेळी पैदाशीला ठेवू नका, आणि गाठ असलेली शेळी बाजारात नेऊ नका. विकत घेतानाही आधी कानाखाली आणि खांद्यापुढे हात फिरवून बघा.