‘नसावा’ पुढचं ‘नाही’

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जंतू आढळता कामा नये, असं म्हटलंय. आता समजा, विहिरींच्या तपासणीच्या तक्त्यात हाच निकष ‘ई. कोलाय नसावा’ असा छापला आणि पुढे ‘होय/नाही’ ठेवलं. तपासनीसाला जंतू सापडला नाही, म्हणून तो ‘नाही’ लिहितो. वाचणारा समजतो, निकष पूर्ण झाला नाही. चांगली विहीर बाद! उलट दूषित विहिरीपुढे ‘होय, सापडला’ या अर्थाचं ‘होय’ पडलं, तर ती पास. हे जास्त घातक. दोष तपासनीसाचा नाही. डोळा जंतू शोधतो, निकष त्याचा अभाव विचारतो. म्हणून आधी ‘आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ लिहावं, आणि ‘योग्य/अयोग्य’ हा निकाल वेगळ्या रकान्यात द्यावा.