फोटोखाली मैत्रिणीचं नाव लिहिण्याआधी

आज आम्ही आठवी ते बारावीच्या मुलामुलींशी बोलणार आहोत. पण आया, मावश्या आणि आज्यांनो, तुम्ही रेडिओ बंद करू नका. पोरांच्या हातातला फोन बहुतेक वेळा तुमच्याच नावावर घेतलेला असतो.

मुलांनो, सहलीचा फोटो टाकला, की त्याखाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहायची तुम्हाला हौस असते. नाव राहिलं तर ती मैत्रीण रुसते, हेही आम्हाला माहीत आहे. पण नाव लिहिल्याने काय होऊ शकतं, ते आज बघू. सुरुवात आपल्या पालघरपासूनच करतो.

नोव्हेंबर २०१२ ची गोष्ट. तेव्हा तुमच्यातले बरेच जण अगदी लहान होते किंवा जन्मलेही नव्हते आणि आपला जिल्हा ठाण्यात होता. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद झाली. त्या बंदबद्दल पालघरच्या वीस-एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ओळी लाइक केल्या. म्हणजे पहिलीच्या मजकुराखाली दुसरीचं नाव दिसलं. त्याच रात्री पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यांनी तर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. पोलिसांनी दोघींना अटक केली आणि मग त्या जामिनावर सुटल्या. पुढे प्रकरण मागे पडलं, काही पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. ज्या कायद्याच्या कलमाखाली त्यांना धरलं, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं.

त्या दोघींची नावं तेव्हा देशभर छापून आली. आम्ही ती मुद्दाम घेत नाही. आता त्या आपापल्या संसारात, कामात असतील.

त्यांनी लिहिलं ते बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. आम्हाला एवढंच दाखवायचं आहे, की आपल्यासारख्या छोट्या गावात नाव म्हणजे पत्ता. मुंबईत आडनाव सांगून कुणाचं घर सापडत नाही. इथे स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला विचारलं, ‘अमक्यांची पोरगी कुठली?’ तर तो दारात नेऊन सोडतो. म्हणूनच त्या रात्री काकांचा दवाखाना सापडायला वेळ लागला नाही.

आणि त्या मुलींनी निदान आपली नावं स्वतःच्या हाताने पुढे केली होती. सहलीच्या फोटोत नाव दुसरंच कुणीतरी लिहितं. जिचं नाव आहे, तिच्याकडे कदाचित फोनच नसतो. आपण तिथे आहोत, हे तिला कळतही नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते आम्ही रचलेलं आहे, पण अशा बायका आपल्या चाळींत राहतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. समजा, एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, मुलीला घेऊन दुसऱ्या जिल्ह्यातून बोईसरला आली. एमआयडीसीत पॅकिंगचं काम धरलं, भाड्याची खोली घेतली, फोनचा नंबर बदलला. माहेरीसुद्धा फक्त आईला ठिकाण सांगितलं. मुलगी नववीत आहे. वर्गाची सहल केळव्याच्या समुद्रावर गेली, बारा मुलींनी शाळेच्या गणवेशात फोटो काढला. एकीने रात्री तो सगळ्यांना दिसेल असा टाकला, खाली शाळेचं नाव, बोईसर, आणि बाराही मुलींची नावं आडनावांसकट.

नुसता फोटो असता, तर काय झालं असतं? बापाला लाखो चेहऱ्यांतून एक चेहरा योगायोगाने दिसायला हवा होता. तसं सहसा होत नाही. पण तो मुलीचं नाव अधूनमधून टाइप करून बघतो. फेसबुकवर सगळ्यांसाठी खुल्या टाकलेल्या फोटोखालचा मजकूर असा शोधता येतो. नाहीतर एखादा भाचा नाव वाचतो आणि ‘मामा, ही आपलीच ना?’ म्हणून पुढे पाठवतो. मग फोटोतला बिल्ला शाळा सांगतो, आणि शाळा सुटायची वेळ तर सगळ्या गावाला माहीत असते. चौथ्या दिवशी बाप फाटकाशी उभा. त्या बाईला काम सोडावं लागतं, खोली सोडावी लागते, मुलीची नववी अर्धी राहते. फोटो टाकणारीला यातलं काहीच कळत नाही. तिला वाटतं, मैत्रीण न सांगता निघून गेली.

अशी कारणं आणखीही असतात. कुणाच्या घरी सहलीचं सांगितलेलंच नसतं, आणि नाव दिसलं की शाळाच बंद होते. कुणाचं नाव आणि चेहरा उचलून खोटं खातं उघडतात. ही कारणं ती मुलगी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि मुख्य अडचण हीच आहे. म्हणून नाव लिहायच्या आधी विचारा. घोळक्यात नको, एकटीला गाठून विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर ‘का?’ म्हणू नका. घोळक्यात विचारलं की सगळ्या ‘हो’च म्हणतात.

हे आम्हीही चुकूनच शिकलो. आमच्या गटाच्या हळदीकुंकवाचा फोटो आम्ही नावांसकट टाकला होता. दुसऱ्या दिवशी एक जण आली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, माझं तेवढं काढा.’ आम्ही काढलं. कारण आजपर्यंत विचारलेलं नाही.

आता काढायचं कसं, तेही सांगतो. नाव दोन प्रकारे लागतं. एक म्हणजे टॅग. फोटोवर बोट टेकवलं की नावं उमटतात. त्यातल्या आपल्या नावावर टेकवून स्वतःला तिथून काढता येतं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘मला विचारल्याशिवाय टॅग दिसू नये’ अशीही सोय आहे, ती आजच लावा. दुसरा प्रकार म्हणजे फोटोखाली साधं लिहिलेलं नाव. ते तिला स्वतःला काढता येत नाही, ज्याने लिहिलं त्यालाच खोडावं लागतं. म्हणून कुणी ‘काढ’ म्हणाली तर ‘उद्या बघते’ म्हणू नका. तेवढ्या रात्रीत चार जण स्क्रीनशॉट घेतात, आणि ते मग कुणाच्याच हातात राहत नाहीत.

एक गोष्ट मात्र उलट करायची. नावावरून कुणी धमकी देत असेल, घाण लिहीत असेल, तर लगेच पुसू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, आणि घरात किंवा शाळेत ज्या मोठ्या माणसावर भरवसा आहे, त्यांना दाखवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फुकट लागतो. तातडीची वेळ असेल तर ११२. आणि एखाद्या वर्गमैत्रिणीवर अत्याचार झाला असेल, तर तिचं नाव, फोटो, शाळा, काहीच कुठे टाकायचं नाही. सहानुभूतीनेसुद्धा नाही. पॉक्सो कायद्यात तो गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

मग फोटोखाली लिहायचं काय? ‘केळवे, सगळ्या जणी, वाळूत चप्पल हरवली ती वेगळीच.’ जी तिथे होती, तिला कोण कुठे उभं आहे ते नावाशिवाय कळतंच.