व्हिसाचा फोटो: क्रॉपच्या चौकटीतच आहे मोजपट्टी

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला माझ्या मामेभावाचा फोन आला. एमएससाठी अमेरिकेला चाललाय, डीएस-१६० फॉर्म भरत होता. "दादा, फोटो घेतच नाहीये हा फॉर्म!"

फोटो बघितला. नाक्यावरच्या स्टुडिओतला, एकदम झकास. पण साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, म्हणजे उभा. अमेरिकन व्हिसाला चौकोनी लागतो, २ इंच बाय २ इंच. अपलोड करायची फाईल जेपेग, कमीत कमी ६०० बाय ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२०० बाय १२००, आणि २४० केबीच्या आत.

मग पठ्ठ्याने काय केलं? एका ॲपमध्ये टाकून फोटो ताणून चौकोनी केला. मी म्हटलं, "अरे, गाल बघ तुझे!" रुंदी ३५ ची ४५ झाली, म्हणजे चेहरा जवळजवळ सव्वापट रुंद. बरं, न ताणता नुसता कापला असता तर? डोक्याची उंची ३० मिलिमीटर आणि चौकोन ३५ चा, म्हणजे डोक्यानेच ८६ टक्के जागा खाल्ली. नियम आहे ५० ते ६९ टक्के. थोडक्यात, त्या फोटोतून हा फोटो निघणारच नव्हता. नवीनच काढायला हवा होता.

आता हे टक्के मोबाईलवर मोजायचे कसे? सोपंय. गॅलरीत फोटो उघडा, क्रॉप दाबा, प्रमाण एकास एक ठेवा. चौकटीत दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसतात ना? त्यांनी उंचीचे तीन सारखे खण पडतात. तीच आपली मोजपट्टी.

पहिलं, डोकं. हनुवटीपासून केसांच्या वरच्या टोकापर्यंत धरायचं, केस सोडायचे नाहीत. ही उंची दीड खणापेक्षा जास्त आणि दोन खणांच्या आत हवी. दुसरं, डोळे. ते खालून ५६ ते ६९ टक्क्यांवर हवेत. वरची आडवी रेषा असते ६७ टक्क्यांवर. म्हणून डोळे त्या रेषेच्या किंचित खाली आणा, की झालं. नाक उभ्या दोन रेषांच्या बरोबर मध्ये.

नवीन फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, पांढऱ्या भिंतीसमोर. पहिल्या फोटोत तो भिंतीला टेकून उभा होता, आणि कानामागे करडी सावली. ती नुसत्या डोळ्याला पटकन दिसत नाही. एडिटमध्ये जाऊन कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा, सावलीचा डाग लगेच उठून दिसतो. बघून झालं की कॅन्सल करा, सेव्ह करू नका.

मग त्याला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे आणलं, तोंड खिडकीकडे. खिडकी बाजूला असली की एक गाल उजळ आणि दुसरा काळपट येतो. वरचा दिवा बंद केला, कारण त्याने डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. चष्मा काढला, नोव्हेंबर २०१६ पासून अमेरिकन व्हिसाच्या फोटोत तो चालत नाही. फोटो मामीने काढला, मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून, मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून. सेल्फी नको, कारण हात जेमतेम दोन फूट पुरतो आणि इतक्या जवळून नाक मोठं येतं, कान मागे जातात.

मामेभाऊ म्हणाला, "भिंत थोडी पिवळट दिसतेय दादा, ॲपने बॅकग्राउंड पांढरं करू?" नको! कापताना केसांच्या आणि कानांच्या कडा खाल्ल्या जातात, आणि चेहऱ्यात डिजिटल बदल केलेला फोटो चालत नाही. ब्युटी मोडही आधीच बंद करा. आम्ही खिडकीचा पडदा पूर्ण उघडला, परत फोटो काढला, भिंत पांढरी आली.

शेवटची गडबड बाकी होती. मामीने फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला. त्यात तो दाबला जातो आणि केसांच्या कडा फिसकटतात. म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवली, चौकोनी कापली, १२०० बाय १२०० केली. आकार भरला १९० केबी. या वेळी फॉर्मने फोटो घेतला.

पण एक ध्यानात ठेवा. फॉर्मने फोटो घेतला म्हणजे पास झाला असं नाही, शेवटचा निर्णय व्हिसा अधिकाऱ्याचा असतो. ताणलेला चेहरा टक्क्यांत बसला असता बरं का! डोकं ६७ टक्के येत होतं. पण समोर बसलेल्या माणसाला तो चेहरा याचाच आहे असं वाटायला हवं ना?

आणि हे आकडे फक्त अमेरिकन व्हिसाचे. दुसऱ्या देशाला जाताय तर त्यांच्या अधिकृत साईटवरचे आकडे घ्या. रेषांनी मोजायची पद्धत तीच. चला, भेटू पुढच्या भागात!