वेबसाइट: भाड्याची खोली की स्वतःची जागा?
(पनवेल येथील मासिक बैठकीतील बोलणे)



मागच्या बैठकीत पापड करणाऱ्या गटाच्या मावशींनी विचारलं, "बाई गं, विक्स घेऊ की वर्डप्रेस?" त्याचंच आज सांगते.

विक्ससारखा बिल्डर म्हणजे भाड्याची खोली. फोटो बोटाने ओढायचा, हवा तिथे सोडायचा, झालं पान. दुरुस्ती, सुरक्षा सगळं मालक बघतो. पण विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. सोडायचं ठरलं तर नवीन बांधावी लागते.

वर्डप्रेस हे 2003 साली सुरू झालेलं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते ठेवायला होस्टिंगची जागा दर वर्षी पैसे देऊन घ्यावी लागते. साइट आपली, होस्टिंगवाला नको झाला तर सगळं उचलून दुसरीकडे जाता येतं. पण झाडलोट आपल्याकडेच. जोडलेली प्लगइनं जुनी राहिली की चोराला दार उघडं. साइट उघडल्यावर भलत्याच जाहिरातीचं पान आलं तर समजायचं, कोणीतरी घुसलंय. अपडेट बिघडलं की `There has been a critical error on this website.` अशी ओळ दिसते. तेव्हा बॅकअप असेल तर साइट परत येते, नसेल तर रडायची वेळ.

मावशींच्या गटाचं पाहू. पोह्याचे पापड, मिरगुंड, मसाला, असे आठ पदार्थ. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने. लॅपटॉप कोणाकडे नाही. महिन्यातून एकदा बसून अपडेट कोण करणार, विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या! मी म्हटलं, सध्या बिल्डरच घ्या. पुढे वजनाप्रमाणे कुरिअरचा खर्च, शिल्लक मालाचा हिशेब, साइटवरच पैसे भरणं, हे सगळं आपल्या पद्धतीने हवं झालं आणि सांभाळणारी मुलगी मिळाली, की वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवता येईल.

फुकट प्लॅनवर मात्र थांबू नका. पत्त्यात बिल्डरचं नाव राहतं, पानावर त्यांची जाहिरात दिसते.

आता खरी गोष्ट. नाव, म्हणजे डोमेन, बिल्डरकडून न घेता वेगळं विकत घ्या. मग साइट बदलली तरी पत्ता तोच राहतो. डोमेनच्या खात्यात जाऊन तो नव्या साइटकडे वळवायचा, बस. पाकिटावर छापलेलं फुकट जात नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाचं डोमेन एका ताईच्या भाच्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो पुण्याला गेला, नूतनीकरणाची आठवण त्यालाच जात राहिली, मुदत संपली आणि साइट बंद. छापलेली पाकिटं तशीच पडून!

म्हणून आधी गटाचा स्वतंत्र ईमेल काढा. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, ओटीपी येणारा मोबाइल गटातल्याच बाईचा. नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. मूळ फोटो आणि दरपत्रक एका पेनड्राइव्हवर ठेवा. साइट बदलायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

पुढच्या बैठकीला पदार्थांचे फोटो उजेडात काढून आणा, पहिलं पान तिथेच लावू.