मलावष्टंभ, मनाचा ताण आणि श्वास

आज दिल्लीतल्या आर. के. पुरममधून बोलते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पोटाचा आणि फिजिओथेरपीचा काय संबंध, असं बऱ्याच जणांना वाटतं. आजचा विषय नेमका तोच आहे.

आर. के. पुरम म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्सची वसाहत. इथे बदलीवर आलेली मराठी मंडळी भेटतच राहतात. त्यातल्याच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

वय सेहेचाळीस. नागपूरहून बदली झाली. मुलीची दहावी म्हणून घर तिकडेच ठेवलं आणि इथे दोन सहकाऱ्यांबरोबर क्वार्टरमध्ये राहू लागले. तिघांत संडास एक. सकाळी चहा झाला की सव्वासातच्या सुमारास त्यांना शौचाची भावना यायची, पण तेव्हा आत कुणीतरी असायचं. बाहेरून दार वाजेल या धास्तीने नंबर लागला तरी नीट बसवत नसे. शिवाय बायोमेट्रिक हजेरी, त्यामुळे बस चुकवून चालत नसे. ऑफिसात गेल्यावर बघू, असं ठरायचं, आणि ऑफिसातल्या संडासात त्यांना संकोच वाटायचा.

दोन महिन्यांत ती सव्वासातची भावना यायचीच बंद झाली. मग सुरू झालं कुंथणं. सुटीच्या दिवशी मोबाईल घेऊन चाळीस-चाळीस मिनिटं आत. मला म्हणाले, "ताई, इसबगोल घेऊन घेऊन पोट ढोलासारखं झालं. शौच मऊ आहे, पण बाहेरच येत नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. खडा झालाय म्हणून येत नाही, ही एक तक्रार. मऊ असूनही येत नाही, ही वेगळीच तक्रार. इथे माल अडलेला नाही, दार उघडत नाहीये.

दाराची रचना समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या शेवटी गुदाशय असतो. त्यात मळ उतरला की गुदाशय ताणला जातो आणि आतला स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. याशिवाय एक स्नायू गोफणीसारखा गुदाशयाच्या मागून वळसा घालून त्याला पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे बाक पडतो, पाण्याच्या नळीला दुमडल्यावर पडतो तसा. शौचाच्या वेळी ही गोफण सैल पडायला हवी, म्हणजे नळी सरळ होते.

आता ताण कुठे येतो? घाबरल्यावर आपण खांदे आणि जबडा आवळतो, तसाच ओटीपोटाचा तळही आवळतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. काही जणांना ताणाने जुलाब होतात तेही खरं आहे, परीक्षेच्या सकाळी ते सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. पण रोज भावना दाबून ठेवणाऱ्याच्या शरीराला आवळण्याचीच सवय लागते. इतकी, की कुंथताना जोर लावला की दार उघडण्याऐवजी आणखी घट्ट होतं. इकडे थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, आणि सतत ताणलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट होते. भावना का हरवली, ते आता कळलं असेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेग अडवू नयेत याच विषयावर आहे. म्हणजे ही अडचण बायोमेट्रिकच्या आधीपासूनची आहे!

आतडं आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिचे बहुतेक तंतू निरोप खालून वर, म्हणजे मेंदूकडे नेतात. त्यामुळे पोट बिघडलं की मन बेचैन होतं, आणि बेचैनीने पोट बिघडतं. पण मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि गुदाशयाला चालना मिळते ती माकडहाडाच्या वर, कण्याच्या तळाशी असलेल्या नसांतून. म्हणून नुसतं मन शांत करून भागत नाही, तळ सैल करायला शिकावं लागतं.

या गृहस्थांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बोटाने तपासताना कुंथायला सांगितलं, तेव्हा स्नायू सैल पडायच्या जागी बोटावर आवळला. निदान बरंचसं तिथेच होतं. शंका राहिली तर गुदाशयात पाण्याने भरलेला छोटा फुगा ठेवून तो साधारण मिनिटभरात बाहेर टाकता येतो का, ते पाहतात. थायरॉइड तपासलं, ते ठीक निघालं. मळ मऊ राहावा म्हणून काही आठवड्यांसाठी पावडर दिली आणि पोट फुगवणारं जादा इसबगोल कमी केलं.

मग माझं काम सुरू झालं. पहिला आठवडा फक्त झोपून सराव, दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. पाठीवर झोपून गुडघे वर, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, तेव्हा पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. सहा मोजेपर्यंत सोडायचा. श्वास घेताना पडदा खाली येतो आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरतो. तो उतरताना जाणवणं, हाच सगळा सराव. जाणवत नसेल तर तळ हलकेच आवळा, तीन मोजा आणि सोडा. लक्ष सोडण्याकडे. चक्कर आली तर तुम्ही श्वास फार जोरात घेताय, कमी करा.

हे गृहस्थ योगवर्गात शिकलेली अश्विनी मुद्रा रोज शंभर वेळा करत होते. ती आवळण्याची क्रिया. ज्याचं दार आधीच घट्ट आहे त्याने ती काही काळ थांबवावी.

दुसऱ्या आठवड्यापासून संडासातली बैठक. खाल्ल्यावर मोठं आतडं हालचाल करतं आणि सकाळी ती जास्त असते. म्हणून ते पाऊण तास आधी उठू लागले. चहाबरोबर दोन पोळ्या, आणि वीस मिनिटांनी आत, बाकीचे दोघे झोपलेले असताना. कमोडसमोर वीतभर उंचीचा पाट, पाय त्यावर, गुडघे कमरेच्या वर, कोपरं मांड्यांवर. जबडा सैल. पाच-सहा पोटाचे श्वास. मग पोट पुढे फुगवून, कंबर रुंद करून, तोंडाने हळू "हूं" म्हणत श्वास सोडायचा. घसा बंद करून कुंथायचं नाही. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. मोबाईल बाहेर.

पहिले दहा दिवस फारसं काही झालं नाही आणि ते वैतागले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा पितानाच भावना आली. दीड महिन्याने आठवड्यातले पाच दिवस जमू लागलं.

सगळ्यांना एवढ्याने जमत नाही. काहींना बायोफीडबॅक लागतं, ज्यात सेन्सरमुळे स्नायू आवळतोय की सुटतोय हे पडद्यावर दिसतं. ज्यांचं आतडंच मंद आहे, किंवा लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामक, काही नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं कारण वेगळं. पण गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त, वजन उतरणं, रक्तक्षय, घरात आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय असेल तर श्वासाचा सराव नंतर, तपासणी आधी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर तडक रुग्णालय.

हे गृहस्थ दिवाळीला नागपूरला गेले. प्रवासात आणि पाहुण्यांच्या गर्दीत तीन दिवस पुन्हा अडलं. फोन आला, तेव्हा आवाज घाबरलेला होता. मी विचारलं, "भाऊ, पाट आहे का घरी?" पाट होता, देवघरातला. मी म्हटलं, तो नको, दुसरा बघा.