उन्हाळी लागली, की जंतुसंसर्ग झाला?

(गणेशोत्सवात मंडळाच्या महिला सभेत झालेल्या व्याख्यानावरून)

आजचा विषय जरा संकोचाचा आहे, म्हणूनच तो पुरुष मंडळी बाहेर आरतीची तयारी करत असताना घेतला आहे. लघवीला आग होणं, घटकेघटकेला जावंसं वाटणं, गेल्यावर चार थेंब होणं. याला आपल्या घरांतून ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि उष्णता झाली समजून धने-जिऱ्याचं पाणी देतात. पाणी पोटात जातं हे चांगलंच, पण बहुतेक वेळा ही उष्णता नसते, मूत्राशयात झालेला जंतुसंसर्ग असतो.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगते. वय सेहेचाळीस, मधुमेह वगैरे काही नाही. घरी गौरी. पूजनाच्या दिवशी पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक. लघवीला गेलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा सोवळं नेसायचं. म्हणून त्यांनी पाणीच प्यायलं नाही आणि दुपारी तीनपर्यंत लघवी अडवून धरली. (इथे बऱ्याच जणी हसताहेत, म्हणजे ओळखीचं आहे!) विसर्जनाच्या दिवशी आग सुरू झाली. घरात मुलाच्या जुन्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. बरं वाटलं. चौथ्या रात्री दात वाजतील अशी थंडी भरून आली, ताप १०३, उजव्या कुशीत मागच्या बाजूला, शेवटच्या बरगडीखाली ठणका आणि उलट्या. जंतू मूत्राशयातून वर किडनीत पोचले होते.

असं का होतं? स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब, आणि गुदद्वार जवळ. आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू तेवढं अंतर सहज कापतात. दर वेळी लघवी होते तेव्हा त्यातले बरेच वाहून जातात. आठ-दहा तास ती अडवली, की त्यांना वाढायला निवांत वेळ मिळतो. पाण्याचा उपयोग तो हा, धुऊन काढण्याचा. लघवीचा रंग फिकट राहील इतकं प्यावं, साधारण दोन ते अडीच लिटर. ज्या मुळात कमी पाणी पितात आणि ज्यांना हा त्रास वरचेवर होतो, त्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं तर वर्षातले हल्ले जवळपास निम्मे होतात, असं अभ्यासात दिसलं आहे. हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.

पण एकदा आग सुरू झाली, की केवळ पाण्यावर दिवस काढू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जा आणि अँटिबायोटिक घेण्याआधी लघवी तपासायला द्या. पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक बाटलीत, आणि लगेच लॅबमध्ये. कल्चर करायचं ठरलं तर दोन-तीन दिवसांत कळतं की जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं. आधी दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये जंतू उगवतही नाही आणि आम्ही अंधारात राहतो. त्या बाईंचं तेच झालं.

दुकानातून आणतात ते लघवीचं सिरप आग कमी करतं, जंतू मारत नाही. शिवाय मूत्राशयाच्या संसर्गासाठी पुष्कळदा देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. सिरप लघवी अल्कधर्मी करतं. म्हणून दोन्ही आपल्या मनाने एकत्र घेऊ नका. या गोळ्यांचा कोर्स सहसा पाच दिवसांचा. दुसऱ्या दिवशी आग थांबली तरी पाचही दिवस घ्यायच्या. आणि हेच औषध किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही, त्यामुळे ताप आल्यावर ‘गेल्या वेळच्याच गोळ्या’ उपयोगी पडत नाहीत.

किडनीपर्यंत गेलं हे ओळखायचं कसं? नुसत्या मूत्राशयाच्या त्रासात दुखतं ते ओटीपोटात, आणि सहसा ताप नसतो. हुडहुडी भरून ताप, एका कुशीत पाठीकडे दुखणं, मळमळ किंवा उलटी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. गरोदर बाईने आणि मधुमेह असणारीने तर साध्या आगीलाच दाखवावं. घरच्या आजींना ताप न येताही एकाएकी गोंधळल्यासारखं होतं, जेवण सुटतं. तेव्हाही लघवी तपासून घ्या.

त्या बाईंना तीन दिवस शिरेतून औषध द्यावं लागलं, मग आठवडाभर गोळ्या. सोनोग्राफीत खडा किंवा अडथळा निघाला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या सासूबाईंनीच पूजनाच्या दिवशी दुसरं सोवळं वाळत घालून तयार ठेवलं आणि ओट्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला.