दुरुस्ती कुठे थांबवावी?

बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापला, तो भाषेत फेरफार करून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. मधली एकोणसाठ वर्षे वाचकांनी भटजींना वैद्यांच्या भाषेत वाचले.

आपल्या घरातल्या आठवणी छापतानाही हेच घडते. समजा, आजीने लिहिले: ‘दुपारि बाड्यावर गेलो. भाजी घेतली. पाउस आला, भाजी भिजली, आम्हीही.’

यात चुका दोनच: ‘दुपारि’ आणि ‘पाउस’. त्या सुधारल्या की काम संपले. पण हौशी संपादक लिहितो: ‘दुपारी बाजारात गेलो असता अचानक पाऊस आल्याने आम्ही भाजीसह चिंब झालो.’ बाडा गेला, ‘अचानक’ पदरचे आले आणि शेवटच्या ‘आम्हीही’मधले आजीचे हसू पुसले गेले.

म्हणून प्रत्येक बदलाला विचारावे: कोणता नियम मोडला होता? उत्तर ‘असे बरे वाटते’ एवढेच असेल, तर मूळ शब्द परत ठेवावा. अर्थच लागत नसेल, तर लिहिणाऱ्याला विचारावे. तो हयात नसेल, तर मजकूर तसाच ठेवून खाली टीप द्यावी.